तीन बारीक गोष्टींत अख्खं गाव: प्रवासाच्या शॉर्टची स्क्रिप्ट अशी लिहा

दिवाळीच्या सुट्टीत मी वाईवर एक शॉर्ट बनवला होता. सुरुवात अशी होती: "नमस्कार मित्रांनो, आज आपण आलो आहोत निसर्गरम्य वाईमध्ये, जिला दक्षिण काशी म्हणतात..." मग घाट, मग देऊळ, मग सूर्यास्त, मग 'स्वदेस'चं शूटिंग इथेच झालं हे वाक्य, आणि शेवटी सबस्क्राइबचं बटण. वाईला माझी मावशी राहते. तिला लिंक पाठवली. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "छान झालाय. पण वाईच्या जागी पैठण म्हटलंस तरी चालेल की रे."

आधी वाईट वाटलं, मग प्रयोग म्हणून खरंच करून बघितलं. स्क्रिप्टमध्ये वाई खोडून पैठण लिहिलं, कृष्णा खोडून गोदावरी लिहिली. सिनेमाचं एक वाक्य सोडलं तर सगळं बिनबोभाट चाललं! पैठणलाही दक्षिण काशी म्हणतात, तिथेही घाट आहे, देवळं आहेत, सूर्यास्त तर सगळीकडेच होतो. म्हणजे ४५ सेकंद बोलून मी वाईबद्दल जवळजवळ काहीच सांगितलं नव्हतं.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. कोडमध्ये एखादी ओळ काढून टाकली आणि तरी प्रोग्रॅम तसाच चालला, तर ती ओळ फालतू होती असं आम्ही धरतो. माझ्या स्क्रिप्टमधल्या बहुतेक ओळी तशाच निघाल्या. मग मी परत वाईला गेलो आणि तोच व्हिडिओ वेगळ्या पद्धतीने केला: गावातल्या फक्त तीन बारीक, अनपेक्षित गोष्टी आणि ४० सेकंद. ती स्क्रिप्ट कशी तयार झाली, कुठे चुकली आणि कशी सुधारली, ते या लेखात बघूया.

तीनच का?

यूट्यूबने १५ ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्टची मर्यादा ६० सेकंदांवरून ३ मिनिटांवर नेली. त्यामुळे जागा कमी आहे म्हणून तीन, असं नाही. कारण साधं आहे. एक अनपेक्षित गोष्ट बघणाऱ्याला नीट पोचवायला तीन पायऱ्या लागतात. आधी त्याला ओळखीचं काहीतरी दिसतं. मग त्यात काहीतरी खटकतं. मग ते तसं का आहे, ते कळतं. मी याला 'दिसलं, खटकलं, कळलं' म्हणतो. या तीन पायऱ्यांना मिळून १० ते १५ सेकंद जातात. तीन गोष्टी घेतल्या की ४० सेकंदांच्या आसपास होतात आणि प्रत्येकीला श्वास घ्यायला जागा राहते. पाच गोष्टी कोंबल्या की 'कळलं' ही पायरी गळून पडते आणि उरते नुसती यादी.

दुसरं म्हणजे, एक गोष्ट दाखवली तर ती गंमत वाटते. दोन दाखवल्या तर तुलना वाटते. तीन गोष्टी एकमेकींना जोडल्या गेल्या की गावाचा काहीतरी आकार दिसायला लागतो. अट एकच: तिन्ही एकाच जातीच्या नकोत. तीन देवळांच्या तीन मूर्ती घेतल्या तर दुसऱ्या मूर्तीलाच बघणारा ओळखतो की पुढे काय येणार, आणि अंगठा वर सरकतो.

गोष्ट निवडताना तीन चाचण्या

वाईत फिरताना मी फोनच्या नोट्समध्ये १४ गोष्टी लिहिल्या होत्या. त्यातल्या ११ कटल्या. कापायला या तीन चाचण्या वापरल्या.

पहिली, नाव बदलून बघा. मावशीचीच चाचणी. वाक्यातलं गावाचं नाव बदललं आणि वाक्य खोटं पडलं, तर गोष्ट त्या गावाची. 'इथे शांतता आहे' हे कुठेही खरं असतं, म्हणून कट.

दुसरी, आवाज बंद करून बघा. ती गोष्ट कॅमेऱ्याला दोन-तीन सेकंदांत दिसली पाहिजे. 'या वाड्यात एकदा मोठी बैठक झाली होती' हे कितीही भारी असलं तरी कॅमेऱ्यासमोर नुसती रिकामी ओसरी असते. ते लेखात चालेल, शॉर्टमध्ये नाही.

तिसरी, पुरावा कुठे आहे? ती गोष्ट वस्तूवरच लिहिलेली आहे, पुस्तकात आहे, की कुणीतरी नुसती सांगितली? सांगितलेली गोष्ट वापरू नये असं नाही, पण मग स्क्रिप्टमध्ये 'असं सांगतात' हे शब्द यायलाच हवेत. या चाचणीत मी कसा तोंडावर आपटणार होतो, ते पुढे येतंच आहे.

पहिली गोष्ट: देवळाच्या घंटेवर मेरी

वाईपासून साधारण ३ किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा इथेच, आणि वाड्यामागे कृष्णेचा सुंदर दगडी घाट. घाटावर मेणेश्वराचं, म्हणजे शंकराचं देऊळ आहे आणि जवळच्या छोट्या दगडी देवळात एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. बहुतेक जण तिच्याखाली उभे राहून सेल्फी घेतात आणि निघतात. मीही दिवाळीत तेच केलं होतं.

नीट बघितलं तर त्या घंटेवर मेरी आणि बाळ येशूचं उठावाचं चित्र आहे, आणि १७०७ हे साल. शंकराच्या घाटावर येशू! 'दिसलं, खटकलं' या दोन पायऱ्या ती घंटा स्वतःच पार पाडते, आपण बोलायचीही गरज नाही. 'कळलं' तेवढं आपण सांगायचं: चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांमध्ये आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरलाही अशा घंटा आहेत.

आता माझी चूक. माझ्या पहिल्या मसुद्यात ओळ होती: "नाना फडणवीसांनी वसई जिंकून आणलेली घंटा." घाटावर कुणीतरी तसं सांगितलं होतं, ऐकायला झकास होतं आणि वाडा नानांचाच होता, त्यामुळे मला शंकाही आली नाही. रेकॉर्ड करायच्या आदल्या रात्री सालं एका ओळीत लिहून काढली. घंटा १७०७. वसई १७३९. नाना फडणवीसांचा जन्म १७४२. म्हणजे मी नानांना जन्माच्या तीन वर्षं आधीच लढाईवर पाठवलं होतं! वाईत हा व्हिडिओ पोचला असता तर पहिल्याच कमेंटमध्ये माझी शोभा झाली असती. त्याहून वाईट म्हणजे कुणीच टोकलं नसतं, आणि बघणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात ते वाक्य खरं म्हणून जाऊन बसलं असतं.

तेव्हापासून माझी सवय: स्क्रिप्टमधली सगळी सालं आणि माणसं एका कागदावर क्रमाने लिहायची. दोन मिनिटांचं काम आहे आणि असल्या चुका लगेच उघड्या पडतात.

दुसरी काळजी शब्दांची. घंटेवर चित्र आणि साल आहे, हे डोळ्यांना दिसतं. ती वसईहून आली, हे घंटेवर लिहिलेलं मला दिसलं नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये शेवटी तीन शब्द वाढवले: "ही त्यातलीच मानतात." दीड सेकंद जास्त गेला, पण दिसतं ते आणि मानतात ते वेगळं राहिलं.

शूटिंगची एक युक्ती इथे फार उपयोगी पडते. उठावाचं चित्र काळसर धातूवर आहे. फोनचा फ्लॅश समोरून मारला तर उठाव सपाट होतो आणि मध्ये पांढरा डाग येतो. त्याऐवजी मित्राच्या फोनचा टॉर्च बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि चेहरा उठून दिसतो. तुमच्या कॅमेऱ्यात घंटेवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो, मग उजेड थोडा खाली ओढा. नाहीतर मागच्या नदीच्या झगमगाटामुळे फोन सारखा उजेड कमीजास्त करत बसतो.

दुसरी गोष्ट: गणपतीच्या मागची भिंत

वाईचा ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं. मूर्ती एकाच दगडातली आणि चांगलीच मोठी, म्हणून नाव ढोल्या. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओत समोरून मूर्ती असते. पण माझ्या १४ गोष्टींच्या यादीत मूर्ती चाचणीत टिकली नाही. 'मोठी मूर्ती' हे कुणालाही खटकत नाही, बघणारा त्याच तयारीने आलेला असतो.

देवळाच्या मागे जा. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही, ती निमुळती होत टोकाला जाते. वाईत तिला मत्स्याकार म्हणतात. मला ती नावेच्या पुढच्या टोकासारखी वाटते. देऊळ कृष्णेच्या काठावरच आहे. पुराचं पाणी सपाट भिंतीवर आदळलं तर सगळा मार भिंतीवर बसतो. टोकदार भिंतीवर आलं तर ते दोन्ही बाजूंना फुटून निघून जातं. जुन्या दगडी पुलांचे खांब नीट बघा, जिकडून पाणी येतं त्या बाजूला त्यांनाही असंच टोक काढलेलं असतं. हिशोब तोच आहे, फक्त इथे खांबाच्या जागी देऊळ आहे.

ही गोष्ट मला फार आवडते, कारण ती दाखवायला आतल्या शूटिंगच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही. बऱ्याच देवळांत गाभाऱ्यात कॅमेरा चालत नाही, आणि चालत नाही म्हटलं की विषय संपला. बाहेरची भिंत मात्र कुणाच्या पूजेत अडथळा न आणता टिपता येते. तरी तिथे कुणी असेल तर विचारून घ्या. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका, अंघोळ करणारी माणसं असतात, त्यांचे चेहरे न विचारता घेऊ नका.

इथे फ्रेमची अडचण येते. आपला व्हिडिओ उभा असतो, १०८० बाय १९२०. भिंत आडवी. बाजूला उभं राहून फोन डावीकडून उजवीकडे फिरवला तर प्रत्येक क्षणी भिंतीचा एक अरुंद तुकडाच दिसतो आणि आकार काही कळत नाही. मी पहिल्यांदा हेच केलं. नंतर टोकाच्या बरोब्बर समोर उभा राहिलो, फोन छातीच्या उंचीवर, टोक फ्रेमच्या मधोमध. आता दोन्ही भिंती टोकापासून मागे पळताना दिसतात आणि एका सेकंदात नाव आठवते.

भाषेतही एक दुरुस्ती केली. आधी लिहिलं होतं, "पूर आला की पाणी इथे दुभंगतं." पण वाईच्या वरच्या अंगाला आता धोम धरण आहे, पुराचं जुनं गणित बदललंय, आणि मी स्वतः तिथे पूर पाहिलेला नाही. म्हणून भिंतीचा हेतू तेवढा सांगितला: "पुराचं पाणी दोन्हीकडे फुटावं म्हणून." वाक्य छोटंही झालं.

तिसरी गोष्ट: तुमच्या फोनमधली वाई

पहिल्या दोन गोष्टी दगड-धातूच्या आणि अठराव्या शतकातल्या. तिसरीही तशीच घेतली असती तर व्हिडिओ इतिहासाचा तास झाला असता. म्हणून तिसरी वेगळ्या जातीची हवी होती.

शाळेत प्रकल्पासाठी किंवा आता स्पर्धा परीक्षेसाठी तुम्ही मराठी विश्वकोश कधीतरी उघडला असेलच. आज तो फोनवर फुकट वाचता येतो. या एवढ्या मोठ्या ज्ञानकोशाचं संपादन मुंबई-पुण्यात झालं असेल असं आपण गृहीत धरतो. ते झालं वाईत. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले आणि वाईतच राहिले, आणि विश्वकोशाचं कामही तिथेच उभं राहिलं. पहिला खंड १९७६ मध्ये आला.

अडचण अशी की, दाखवायचं काय? कार्यालयाची पाटी नुसती दाखवली तर आवाज बंद केल्यावर ती सरकारी पाटी आहे एवढंच कळतं. दुसऱ्या चाचणीत नापास. दोन दिवस अडलो. मग सुचलं की बघणाऱ्याच्या हातात फोन आहेच! आधी फोनवर विश्वकोशातली कृष्णा नदीची नोंद दाखवायची, मग फोन खाली घ्यायचा आणि मागे पाटी. म्हणजे ओळखीची वस्तू आधी, खटका नंतर. क्रम बदलला आणि तीच पाटी कामाला आली.

दुसऱ्या फोनची स्क्रीन शूट करताना बऱ्याचदा आडव्या पट्ट्या सरकताना दिसतात. दोघांच्या उघडझापेचा वेग जुळत नाही म्हणून असं होतं. त्या फोनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा, बऱ्याच फोनमध्ये पट्ट्या कमी होतात. नाहीच झाल्या तर नोंदीचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून तेवढा तुकडा जोडा.

क्रम ठरवताना

तिन्ही गोष्टी मिळाल्यावर मी त्यांना एका वाक्यात बांधून बघितलं. बाहेरून आलेली घंटा. अडवलेलं पाणी. बाहेर गेलेलं ज्ञान. तिन्हींमध्ये कृष्णेचा काठ. हे वाक्य मी व्हिडिओत बोललेलो नाही, बोललं तर भाषण होतं. पण त्यामुळे क्रम ठरला. घंटा पहिली, कारण तिला सगळ्यात कमी समजावून सांगावं लागतं. भिंत दुसरी, कारण तिच्यासाठी बघणाऱ्याला मागच्या बाजूला न्यावं लागतं, आणि त्याचा एवढा विश्वास पहिल्या गोष्टीने कमावलेला असतो. विश्वकोश शेवटी, कारण तो बघणाऱ्याच्या स्वतःच्या हातात येऊन संपतो.

सेकंदांचा हिशोब

इथे बहुतेक स्क्रिप्टा फुटतात. कागदावर लहान दिसणारं वाक्य बोलायला लांब निघतं, मग आपण घाईघाईत बोलतो किंवा व्हिडिओ १.२ पट वेगाने पळवतो.

आधी स्वतःचा वेग मोजा. तुमच्याच स्क्रिप्टमधला १०० शब्दांचा तुकडा नेहमीच्या वेगात वाचून रेकॉर्ड करा. मला ४५ सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला साधारण २.२ शब्द. तुमचा आकडा वेगळा येईल, तोच वापरा. माझ्या हिशोबाने ४० सेकंदांत ८८ शब्द मावतात. पण ८८ लिहायचे नाहीत. खटकायला शांतता लागते. मी ८ सेकंद शांततेला ठेवले, उरले ३२ सेकंद, म्हणजे सुमारे ७० शब्द.

कंप्युटर असेल तर स्क्रिप्ट `wai.txt` मध्ये ठेवून हे चालवा. प्रत्येक ओळीचे शब्द आणि सेकंद दिसतील.

```python
for ol in open("wai.txt", encoding="utf-8"):
    n = len(ol.split())
    print(n, round(n / 2.2, 1), ol.strip())
```

यात एक खड्डा आहे, मी पडलो म्हणून सांगतो. फाइलमध्ये `1707` लिहिलं तर प्रोग्रॅम एक शब्द मोजतो, पण आपण बोलतो 'सतराशे सात', म्हणजे दोन. म्हणून बोलायच्या ओळींत आकडे अक्षरांत लिहा. आणि शॉटची वर्णनं त्या फाइलमध्ये टाकू नका, फक्त बोलायचं तेवढंच. कंप्युटर नसेल तर फोनच्या रेकॉर्डरवर ओळी वाचून वेळ बघितली तरी काम होतं.

पूर्ण स्क्रिप्ट

०–३ सेकंद. अंधारात काळसर धातू, टॉर्चचा उजेड हळूहळू सरकतो. काय आहे ते अजून कळत नाही. बोलणं नाही, फक्त घाटावरच्या पाण्याचा आवाज.

३–६. घाट आणि देऊळ, लांबून. "वाईजवळ मेणवली. कृष्णेचा घाट, शंकराचं देऊळ."

६–११. घंटेवरचं चित्र, जवळून. "आणि देवळाच्या घंटेवर..." इथे पावणेदोन सेकंद थांबायचं. "मेरी आणि बाळ येशू."

११–२०. साल जवळून, मग पूर्ण घंटा. "सोबत साल, सतराशे सात. चिमाजी आप्पांनी सतराशे एकोणचाळीसमध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा देवळांमध्ये आल्या. ही त्यातलीच मानतात."

२०–२५. ढोल्या गणपतीचं देऊळ समोरून, मग थेट मागची बाजू. "आता वाईत. हा ढोल्या गणपती. पण समोरून नको, मागे या."

२५–३१. भिंतीचं टोक मधोमध. दीड सेकंद शांत. "गाभाऱ्याची भिंत नावेच्या टोकासारखी निमुळती. पुराचं पाणी दोन्हीकडे फुटावं म्हणून."

३१–३६. हातातला फोन, विश्वकोशातली नोंद. "आणि तिसरी गोष्ट तुमच्या हातातल्या फोनमध्ये. मराठी विश्वकोशातली ही कृष्णेची नोंद,"

३६–४०. फोन खाली, मागे कार्यालयाची पाटी. "तिचं संपादन याच कृष्णेच्या काठी झालं. वाईत."

मोजून बघा, बोललेले शब्द ७० आहेत. 'सुंदर', 'निसर्गरम्य', 'अद्भुत' यातला एकही नाही. घंटेवर येशू दिसल्यावर 'अद्भुत' म्हणायची गरज उरत नाही. 'नमस्कार' आणि 'सबस्क्राइब'ही नाहीत. शेवटचा शब्द 'वाईत' आहे आणि पहिला 'वाईजवळ', त्यामुळे शॉर्ट पुन्हा सुरू झाला की तो सहज जोडला जातो.

कॅप्शन गुपित फोडतात

खूप जण आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून कॅप्शन हवेतच. पण माझ्या पहिल्या एडिटमध्ये ६ व्या सेकंदाला पूर्ण वाक्य एकदम उमटलं: 'आणि देवळाच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू'. मी बोलताना थांबायच्या आधीच बघणाऱ्याने वाचून टाकलं आणि खटक्याची हवा गेली. कॅप्शन दोन तुकड्यांत तोडलं आणि दुसरा तुकडा बोलण्याबरोबरच आणला, मग जमलं. शीर्षक आणि थंबनेललाही हाच नियम: 'घंटेवर येशू असलेलं देऊळ' असं शीर्षक दिलंत तर पहिले ११ सेकंद वाया.

कॅप्शन स्क्रीनच्या अगदी खाली किंवा उजव्या कडेला ठेवू नका, तिथे ॲपची बटणं आणि वर्णन येतं. मी खालचा साधारण पाचवा भाग मोकळा सोडतो. आपोआप तयार झालेले कॅप्शन वापरत असाल तर गावांची आणि माणसांची नावं स्वतः तपासा. मेणवलीचं भलतंच काहीतरी होऊन बसतं.

आलेख काय सांगतो, काय नाही

अपलोड केल्यावर यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रत्येक शॉर्टचा प्रेक्षक कुठपर्यंत टिकला याचा आलेख दिसतो. माझ्या जुन्या व्हिडिओची रेष चौथ्या सेकंदाला, 'दक्षिण काशी'च्या आसपास धाडकन खाली आली होती. नव्या व्हिडिओत घंटेपर्यंत ती बरीच टिकली, पण २० ते २५ सेकंदांमध्ये घसरली. आधी वाटलं की भिंतीची गोष्टच कंटाळवाणी आहे, काढून टाकावी. मग तो तुकडा परत बघितला. मी देवळाच्या समोरून मागे चालत गेलो होतो आणि ते चालणं तसंच ठेवलं होतं. चार सेकंद नुसती फरशी! 'मागे या' म्हटल्यावर थेट मागची भिंत हवी होती. तो तुकडा कापून व्हिडिओ पुन्हा टाकला, वर दिलेली वेळ त्या दुरुस्तीनंतरची आहे. नव्या आलेखात तिथली घसरण बरीच कमी दिसली.

आलेख कुठे सुटलं ते सांगतो, का सुटलं ते सांगत नाही. आणि तुम्ही सांगितलेलं खरं आहे की नाही, हे तर मुळीच सांगत नाही. नाना फडणवीसांना वसईला पाठवणारी माझी ओळ आलेखात कदाचित छान टिकली असती. ती पकडली गेली फक्त सालं लिहिलेल्या कागदामुळे.

नवा व्हिडिओ मावशीला पाठवला. तिने आधी विश्वकोशाची पाटी कुठून शूट केली ते विचारलं. मग लिहिलं, "ढोल्या गणपतीला जन्मभर जातेय. मागे कधी गेलेच नाही, आज जाऊन आले." सोबत फोटो होता, भिंतीचा. टोक मधोमध नव्हतं, पण असो.